गॅस संपला, असं कोण म्हणालं?

फ्रिज चालू आहे, आतला दिवा लागतो, मागून मोटारीचा आवाजही येतो. पण दूध नासतंय आणि पाण्याच्या बाटलीला थंडी म्हणून नाही. यापुढची अधिकृत कथा सगळ्यांना पाठ आहे. शेजारी म्हणतात, ‘गॅस संपला असेल.’ मेकॅनिक येतो, दार उघडून पाहतो, मागे डोकावतो आणि गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘गॅस संपलाय.’ मग पैसे मोजले जातात. अनधिकृत कथा मात्र औरंगपुऱ्याच्या एका बोळातल्या रिपेअरिंगच्या दुकानात घडायची. तिथे माझ्याकडे हिशेबाची वही असायची, त्यामुळे कोणत्या फ्रिजच्या नावापुढे काय लिहिलं गेलं आणि प्रत्यक्षात काय झालं होतं, हे दोन्ही मला दिसायचं. वहीत ‘गॅस चार्जिंग’चा रकाना सर्वांत लांब होता. त्यातल्या बऱ्याच फ्रिजांचा गॅस जागच्या जागी होता.

हे शहर म्हणजे फ्रिजला अगदीच परकं गाव नव्हे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. धूत घराण्याचा तो पसारा, त्याची भरभराट आणि २०१८ मध्ये सुरू झालेली दिवाळखोरीची प्रक्रिया वर्तमानपत्रांतून वाचलेली आहेच. वर्तमानपत्रांत न आलेली गोष्ट एवढीच, की कारखान्यांत काम केलेली माणसं हळूहळू गल्लीबोळांतल्या रिपेअरिंगच्या दुकानांत दिसू लागली. आमच्या दुकानात असा एक कारखान्यातून आलेला गडी होता. सगळे त्याला ‘कंपनीवाला’ म्हणत. आणि एक होते रोशन गेटचे उस्ताद. कंपनीवाला मीटर लावल्याशिवाय बोलत नसे, आणि उस्ताद कान लावल्याशिवाय मीटर काढत नसत. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरतच राहतो. ‘गॅस किदर जाती मियाँ? पाइप तो बंद है,’ असं उस्ताद म्हणायचे. गेलाच असेल तर कुठेतरी छिद्र आहे, आणि छिद्र न शोधता गॅस भरणारा मेकॅनिक दोनदा पैसे घेतो. हे शेवटचं वाक्य ते मालक दुकानात नसताना बोलायचे.

सिडको एन-सातमधल्या एका निवृत्त गुरुजींचा किस्सा आमच्याकडे दंतकथा होऊन बसला होता. त्यांचा दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रिज. तक्रार विचित्र होती. वरच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम दगडासारखं घट्ट, आणि खालच्या कप्प्यात भाजी कोमट. दुसऱ्या एका दुकानाने निदान केलं, गॅस कमी. फ्रिज टेम्पोत चढला, दोन दिवस तिकडे राहिला, ‘गॅस भरून’ परत आला आणि झकास चालू लागला. आठव्या दिवशी दूध पुन्हा नासलं. पुन्हा टेम्पो, पुन्हा दोन दिवस, पुन्हा गॅस. पुन्हा आठवडाभर झकास. तिसऱ्या खेपेला गुरुजी आमच्या दुकानात आले ते डायरी घेऊन. नोकरीतली सवय, कोणत्या तारखेला फ्रिज गेला, कधी आला, कधी बिघडला, सगळं टिपलेलं. उस्तादांनी डायरी पाहिली आणि फ्रिज न पाहताच हसले.

गुरुजींच्या घरी गेल्यावर त्यांनी आधी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. फ्रीझरचं दार उघडलं, दाराच्या चौकटीतला छोटा स्विच बोटाने दाबून धरला आणि मागच्या पांढऱ्या पत्र्याला कान लावला. दार उघडलं की आतला पंखा बऱ्याच फ्रिजांत थांबतो. स्विच दाबला की फ्रिजला वाटतं दार बंद आहे, आणि पंखा पुन्हा फिरतो. आवाज आला खरा, पण वाऱ्याचा नव्हे. पातं बर्फावर घासत असल्यासारखी घरघर होती. प्लग काढला, पत्रा खोलला. मागे कॉइलच्या जागी पांढरी भिंत उभी होती. कॉइलच्या पात्यांमधली एकूण एक फट बर्फाने बुजलेली.

इथे थोडं आतलं सांगायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बर्फ होत नाही, हा जाहिरातीतला समज. बर्फ होतोच, फक्त तो मागे लपलेल्या कॉइलवर होतो आणि दिवसातून दोन-तीनदा वितळवला जातो. जुन्या पद्धतीच्या फ्रिजात एक टायमर असतो. कॉम्प्रेसर साधारण आठेक तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि कॉइलखालचा हीटर वीसेक मिनिटं सुरू करतो. वितळलेलं पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये जातं आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जातं. कॉइलवर एक बिस्किटाएवढा बायमेटल चिकटवलेला असतो. गारठ्यात त्याची वाट जोडलेली असते, म्हणून हीटरला वीज मिळते. कॉइल शून्याच्या वर जाऊन पुरेशी तापली की वाट तुटते आणि हीटर बंद होतो. या साखळीत एक कडी तुटली की बर्फ वितळत नाही. रोज थोडा थोडा साचत साधारण आठवड्याभरात कॉइल बुजते. फ्रीझर कॉइलला खेटूनच असतो, त्यामुळे तो गार राहतो. खालच्या कप्प्याला मात्र पंख्याने ढकललेल्या वाऱ्यावरच जगावं लागतं, आणि वाराच अडलेला असतो. वर दगड आणि खाली कोमट, हे म्हणूनच गॅसचं लक्षण नाही. गॅस कमी असता तर आइस्क्रीमही मऊ पडलं असतं.

कंपनीवाल्याने मीटर लावला. हीटर शाबूत. टायमर हाताने फिरवला, टक् करून पुढे सरकला. बायमेटल बर्फात असूनही त्याची वाट तुटलेलीच दाखवत होता. गारठ्यात जोडलेलं असायला हवं ते उघडं, म्हणजे गुन्हेगार सापडला. त्याच्यासोबत येणारा फ्यूजही बदलला आणि कोमट पाण्याने कॉइल मोकळी केली. सगळा खर्च काही शे रुपयांचा. मग गुरुजींनी डायरी पुढे करून विचारलं, ‘मग दोनदा गॅस भरल्यावर तो आठ-आठ दिवस चालला कसा?’ उस्ताद म्हणाले, ‘सर, दोन दिन बंद पडा था ना? बरफ अपने आप पिघल गई.’ म्हणजे जे काही बरं झालं होतं ते प्लग काढून ठेवल्यामुळे झालं होतं, आणि बिल गॅसचं आलं होतं. गुरुजींनी डायरीत आणखी एक नोंद केली. ती मला दाखवली नाही.

एका दाराच्या साध्या फ्रिजचे किस्से वेगळे. तिथे बर्फ लपत नाही, डोळ्यांसमोर फ्रीझरच्या डब्यावर वाढतो. लोकांना वाटतं बर्फ जितका जाड तितका फ्रिज जोरात. प्रत्यक्षात बर्फाचा थर गारवा आत कोंडतो आणि बाहेरच्या कप्प्यांना उपाशी ठेवतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या पुढे थर गेला की थर्मोस्टॅटच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण दाबावं, हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका कपाटात असते. टी.व्ही. सेंटरजवळच्या एका मावशींनी बटणाची वाट पाहिली नाही. शेजारीण म्हणाली होती, ‘गॅस गेला असेल.’ मावशींना ते पटलं नाही, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांनी उलथनं घेतलं आणि बर्फ खरवडायला बसल्या. फ्रीझरचा तो डबा अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांचा असतो, आणि त्या पत्र्यांमध्येच गॅसच्या वाटा असतात. फुस्स आवाज आला. शेजारणीचं चुकलेलं निदान मावशींनी स्वतःच्या हाताने खरं करून दाखवलं.

तरीही एवढ्यावर भागलं असतं. मावशींनी ‘बघू, परत चालतो का’ म्हणून फ्रिज दोन दिवस चालू ठेवला. गॅस निघून गेला की कॉम्प्रेसर त्याच छिद्रातून हवा ओढतो, आणि हवेबरोबर वितळलेलं पाणीही. पाणी तेलात मिसळलं की कॉम्प्रेसर गेलाच. फुस्स झाल्यावर लगेच प्लग काढला असता, तर फक्त डबा बदलावा लागला असता. उस्तादांनी छिद्र पाहिलं, उलथनं पाहिलं आणि एवढंच म्हणाले, ‘पोळ्यांसाठी आणलेलं ना हे?’

खरोखर गॅस कमी झालेला फ्रिज कसा ओळखायचा, हे कंपनीवाला नव्या पोरांना शिकवायचा. बर्फ किती आहे हे पाहू नका, कुठे आहे ते पाहा. गॅस जिथून डब्यात शिरतो त्या एका कोपऱ्यातच बर्फ आणि बाकीचा डबा कोरडा, म्हणजे गॅस कमी. बर्फ सगळीकडे सारखा आणि जाड, म्हणजे गॅस व्यवस्थित आहे, दुखणं दुसरीकडे आहे. बर्फ दाराच्या बाजूलाच जास्त, म्हणजे बाहेरची हवा आत शिरतेय. आणि काही तास गार, मग गरम, बंद ठेवल्यावर पुन्हा गार असा खेळ चालला असेल, तर नळ्यांत शिरलेली ओल बारीक कॅपिलरीच्या तोंडाशी गोठून वाट अडवतेय. हे शिकलेल्या पोरांपैकी एकाने पुढे स्वतःचं दुकान काढलं. त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘गॅस चार्जिंग स्पेशालिस्ट’.

दाराच्या रबरावरून कंपनीवाला आणि उस्ताद यांच्यात एक खुली लढत झाली होती. गारखेड्यातला फ्रिज. मे महिना. मोटार एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही, आणि डब्यावर पुढच्या बाजूला बर्फाची मिशी. कंपनीवाल्याने शंभराची नोट दारात अडकवली, दार लावलं आणि नोट ओढली. वरच्या बाजूला नोट घट्ट. खालच्या कोपऱ्यात सरकन निघाली. निकाल: रबर बदला. उस्तादांनी नोट खिशात घातली (ती मालकीणबाईंची होती, परत द्यावी लागली), खोलीत अंधार करायला सांगितलं आणि मोबाइलची बॅटरी चालू करून फ्रिजात ठेवली. खालच्या कोपऱ्यातून प्रकाशाची रेघ बाहेर आली. इथवर दोघे एकमताचे. मग उस्तादांनी दाराच्या कप्प्यांतल्या बाटल्या बाहेर काढल्या, दार पुन्हा लावलं, आणि रेघ गायब झाली.

शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पाणी आलं की जे हाती लागेल ते भरायचं. या घरात दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरून दारात रचल्या होत्या. पाच बाटल्या म्हणजे दहा किलो, आणि तो भार रोज दार उघडताना खालच्या बिजागरीवर. दार खाली झुकलं होतं, रबर बिचारं निर्दोष होतं. बिजागरी कसली, पुढचे पाय फिरवून फ्रिज समोरून किंचित उंच केला, म्हणजे दार आपणहून मिटावं. रबर जरा चपटलं होतं, ते गरम पाण्याच्या फडक्याने शेकून जागेवर आणलं. कंपनीवाला हरला असं वाटत असतानाच त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीत कूलर होता आणि त्याचं तोंड थेट फ्रिजकडे. आपल्याकडचा मे कोरडा असतो, अशा हवेत फ्रिजला बर्फ कमी धरायला हवा. पण कूलर खोलीभर ओल सोडतो, आणि फटीतून आत शिरणाऱ्या हवेतली तीच ओल गोठत होती. बर्फाचं पाणी कूलरच्या टाकीतलं निघालं. लढत बरोबरीत सुटली आणि रबराची विक्री बुडाली, म्हणून दुकानाचे मालक दोघांवरही नाराज.

थर्मोस्टॅटच्या आकड्यांनी जेवढे गैरसमज केलेत तेवढे ज्योतिषांनीही केले नसतील. बटणावरचा ७ म्हणजे सात अंश नव्हे. तो फक्त ‘जास्त वेळ चालत राहा’ असा हुकूम आहे, ‘लवकर गार कर’ असा नाही. उस्मानपुऱ्यातल्या एका घरी केशर आंब्याचा रस ठेवायचा होता, पाहुणे यायचे होते. मुलाने फ्रीझरमधलं बटण फिरवून पार शेवटच्या टोकाला नेलं. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा गरम आणि रस आंबलेला. ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणून फोन आला. कित्येक दोन दारांच्या फ्रिजांत वरचं बटण मोटारीला हात लावत नाही; ते खाली जाणाऱ्या वाऱ्याची झडप उघडतं किंवा मिटतं. वर जास्त थंडी मागितली की झडप मिटते आणि खालच्या वाट्याचा वारा वरच राहतो. बटण मधोमध आणलं, चार तासांत सगळं ठीक. भेटीचे पैसे घेताना मालकांनी वहीत लिहायला सांगितलं: ‘एअर फ्लो सर्व्हिस’.

बकरी ईदनंतरच्या दोन दिवसांत शहरातल्या एका भागातून ‘कूलिंग नाही’चे फोन एकदम वाढायचे. उस्ताद एकाही घरी जात नसत. फोनवरच सांगायचे, ‘फ्रीझर ठसाठस भरा है ना? मागची जाळी मोकळी करा, पाकिटांमध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवा, उद्या सकाळी बघा.’ दुसऱ्या दिवशी फोन येत नसे, वाटा यायचा. असाच प्रकार दिवाळीत फराळाच्या गरम पातेल्यांनी व्हायचा, पण त्यात उस्तादांना वाटा मिळत नसे, म्हणून ते त्यावर बोलत नसत.

आता कॉम्प्रेसर. सर्वांत महागडं निदान हेच, आणि म्हणून सर्वांत आवडतं. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांखाली असतात. फ्रिज सुरू होऊन पाव तास झाला की पत्र्यावर हात ठेवावा. गरम लागला तर कॉम्प्रेसर दाब देतोय आणि गॅस फिरतोय. लोक मात्र याच गरम पत्र्याची तक्रार घेऊन येतात. एक गृहस्थ तर बाजू गरम होते म्हणून तिथे जाड कापडी कव्हर घालून बसले होते. कव्हर काढलं आणि फ्रिज बरा झाला. मोटार घुमतेय पण बाजू थंडगार, तेव्हा काळजी करावी. तिथे गॅस गेला असेल, किंवा कॉम्प्रेसर फिरतोय पण दाब देत नाही.

आणखी एक आवाज कान देऊन ऐकण्यासारखा आहे. घुंऽऽ, चार-पाच सेकंदांनी टक्, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, आणि ओव्हरलोड त्याची वीज तोडतो. कधी कारण कमी व्होल्टेजचं असतं. कधी वीज जाऊन लगेच आलेली असते आणि नळ्यांतला दाब उतरायच्या आत मोटारीला ढकललं जातं. स्टॅबिलायझर तीनेक मिनिटं उशीर करतो तो याचसाठी. आणि कधी कॉम्प्रेसरच्या कुशीत बसलेला छोटा रिले गेलेला असतो. उस्ताद तो काढून कानाजवळ हलवायचे. आत खुळखुळलं, तर आतली चकती फुटलेली. नवा रिले काही शे रुपयांत येतो, नवा कॉम्प्रेसर काही हजारांत. उस्तादांकडे अशा खुळखुळणाऱ्या रिलेंनी भरलेला एक डबा होता. त्यातल्या प्रत्येक रिलेच्या फ्रिजबद्दल आधी कुणीतरी ‘कॉम्प्रेसर गेला’ असं सांगितलेलं होतं. काहींनी तो बदलूनही घेतला होता. काढलेले जुने कॉम्प्रेसर त्या दुकानांत पडून राहत नसत. धडधाकट असल्यामुळे ते पुढच्या गिऱ्हाइकाला ‘सेकंड हँड, पण एकदम कंडिशन’ म्हणून विकले जात.

तेव्हा मेकॅनिक यायच्या आधी रात्री मधल्या कप्प्यात पेलाभर पाणी ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. चार-पाच अंश दिसले तर फ्रिज ठीक आहे, तक्रार सवयीची आहे. जास्त दिसले तर वरचा बर्फ कुठे जमलाय ते पाहून ठेवा, आणि बाजूच्या पत्र्यावर हात ठेवून पाहा. मेकॅनिकने गॅस भरायचा म्हटलं, तर पैसे ठरवण्याआधी त्याला तीन गोष्टी विचारा: गळती कुठे आहे ती दाखवणार का, फिल्टर नवा घालणार का, आणि फ्रिजच्या पाटीवर लिहिले आहेत तेवढे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरणार का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ नसेल, तर प्लग काढा, दार उघडं ठेवा, दोन दिवस थांबा आणि दुसरा मेकॅनिक बोलवा.